रंग दिसेनात, बटण दाबवेना: गेमच्या सेटिंग्ज कोणत्या क्रमाने लावाव्यात

‘कलरब्लाइंड मोड’ नावाचं बटण दिसलं की बरेच जण ते चालू करतात, सगळा गेम विचित्र रंगांचा झाला म्हणून थोड्या वेळाने वैतागतात आणि मोड बंद करून टाकतात. नियंत्रणांचंही तसंच. कीबोर्डवरच्या पाच-सहा की घाईघाईने बदलायच्या, त्यातली एखादी दुसऱ्याच कामाला लागलेली असते, गेममध्ये ऐनवेळी गडबड होते आणि मग सगळं पूर्ववत. सेटिंग्ज वाईट असतात असं नाही, त्या चुकीच्या क्रमाने लावल्या जातात.

या लेखात मी एकच क्रम धरून चाललो आहे: अडचण जिथे आहे, तिच्या सगळ्यात जवळची सेटिंग आधी बदलायची. तिने काम झालं नाही तरच एक पायरी मागे यायचं. शत्रूची बाह्यरेषा दिसत नसेल तर आधी त्या रेषेचा रंग बदला, मग गेमचा फिल्टर बघा आणि शेवटी कॉम्प्युटरचा. बटण दाबून धरता येत नसेल तर आधी ‘दाबून धरणं’ काढता येतं का बघा, मग बटण बदला आणि शेवटी गेमबाहेरच्या साधनांकडे वळा. मागच्या पायरीवरची प्रत्येक सेटिंग जास्त गोष्टी बदलते, त्यामुळे नको ते बिघडवण्याची तिची शक्यताही जास्त असते.

सेटिंग्ज कुठे असतात

हल्ली बऱ्याच मोठ्या गेममध्ये Accessibility नावाचा वेगळा विभाग असतो आणि काही गेम तो पहिल्यांदा सुरू होतानाच समोर आणतात. २०२० साली आलेल्या ‘द लास्ट ऑफ अस पार्ट २’मध्ये अशा साठहून अधिक सेटिंग्ज होत्या. शिवाय दृष्टी, श्रवण आणि हालचाल यांसाठी तयार संच होते, म्हणजे एक संच निवडला की त्याखालच्या अनेक सेटिंग्ज एकदम लागायच्या. असा संच सुरुवातीला सोयीचा असतो, पण तो अंतिम समजू नका. संच लावा आणि मग त्यातलं नको असलेलं एकेक बंद करा.

लहान आणि जुन्या गेममध्ये मात्र शोधाशोध करावी लागते. रंगाची सेटिंग Video किंवा Display मध्ये सापडते, कधी Interface मध्ये, तर कधी Gameplay मध्ये. ‘दाबून धरा की एकदा दाबा’ हा पर्याय Controls मध्ये की बदलण्याच्या यादीच्या वर किंवा अगदी तळाशी असतो. Accessibility विभागात दिसलं नाही म्हणजे गेममध्ये नाहीच, असं समजू नका.

पहिल्या पडद्यावर काहीही कायमचं ठरवू नका. तिथे दाखवलेलं नमुना चित्र छोटं, उजेडातलं आणि स्वच्छ असतं. तुमची अडचण मात्र धुरात, अंधारात आणि घाईत होणार असते. गेममध्ये सराव मैदान असेल तर तिथे जा. नसेल तर पहिला टप्पा पार करा, एक सेव्ह ठेवा आणि मग सेटिंग्जमध्ये परत या.

आधी रंगांच्या जोड्या लिहून काढा

मेनूमध्ये तीन नावं दिसतात: Protanopia, Deuteranopia आणि Tritanopia. डोळ्यात रंग ओळखणाऱ्या तीन प्रकारच्या शंकुपेशी असतात. लांब तरंगलांबीला प्रतिसाद देणाऱ्या पेशी काम करत नसतील तर पहिला प्रकार, मधल्या तरंगलांबीच्या पेशी काम करत नसतील तर दुसरा आणि आखूड तरंगलांबीच्या पेशी करत नसतील तर तिसरा. पहिल्या दोन्हींत लाल-हिरव्याचा घोळ होतो. तिसरा बराच दुर्मीळ आहे, त्यात निळा-हिरवा आणि पिवळा-गुलाबी अशा जोड्या एकमेकांत मिसळतात. बहुतेक लोकांत पेशी पूर्ण निकामी नसतात, फक्त त्यांचा प्रतिसाद सरकलेला असतो. म्हणून एकच नाव लागू पडणाऱ्या दोन माणसांचा अनुभव बराच वेगळा असू शकतो.

पहिल्या दोन प्रकारांत एक फरक खेळताना फार जाणवतो. Protanopia असलेल्यांना लाल रंग नुसता वेगळा दिसत नाही, तो काळपटही दिसतो. काळ्या पार्श्वभूमीवरची लाल अक्षरं किंवा अंधाऱ्या भिंतीवरचा लाल लेझरचा ठिपका त्यांना जवळजवळ दिसतच नाही. Deuteranopia असलेल्यांना तोच ठिपका ‘कुठल्यातरी रंगाचा’ दिसतो, पण दिसतो. तुम्ही कुठल्या बाजूचे हे माहीत नसेल तर एवढ्यावरून अंदाज येतो. पक्कं निदान मात्र डोळ्यांच्या डॉक्टरांचं.

आता नाव बाजूला ठेवा आणि गेममध्ये नेमक्या कुठल्या दोन गोष्टी एकसारख्या वाटतात ते लिहा. ‘नकाशावर मित्र आणि शत्रू’, ‘जांभळी आणि निळी वस्तू’, ‘भरलेली आणि रिकामी होत आलेली जीवनपट्टी’ असं, गोष्टींच्या नावानिशी. लूट गोळा करायच्या कितीतरी गेममध्ये वस्तूचा दर्जा राखाडी, हिरवा, निळा, जांभळा, नारिंगी अशा चढत्या क्रमाने दाखवतात. लाल-हिरव्याची अडचण असलेल्यांना इथे खरा त्रास होतो तो निळ्या आणि जांभळ्यात, कारण जांभळ्यातला लाल भाग त्यांच्यापर्यंत पोहोचतच नाही आणि उरतो तो निळाच. आपल्याला फक्त लाल-हिरव्यात अडचण येते असं समजणारे लोक ही जोडी यादीत लिहायला हमखास विसरतात. मग फिल्टर लावूनही ‘काहीतरी चुकतंय’ असं वाटत राहतं.

पहिली पायरी: रंगाशिवाय ओळखता येतं का

सगळ्यात चांगला उपाय म्हणजे रंगावर अवलंबून राहावंच न लागणं. ‘अमंग अस’मध्ये तारा जोडण्याचं जे काम असतं, त्यात प्रत्येक तारेशेजारी चिन्ह दाखवण्याची सोय आहे. चिन्हाला चिन्ह जोडलं की झालं. तुमच्या गेममध्ये वस्तूच्या दर्जाचं नाव अक्षरांत दाखवणं, मित्रांच्या डोक्यावर नाव ठेवणं, जीवनपट्टीवर आकडा दाखवणं असे पर्याय आहेत का ते बघा. ते अनेकदा ‘कलरब्लाइंड’ या नावाखाली नसतातच. Interface मध्ये ‘आकडे दाखवा’, ‘नावं दाखवा’ अशा साध्या सेटिंग्ज असतात आणि त्या यादीतल्या निम्म्या जोड्या सोडवून टाकतात.

दुसरी पायरी: एकेका गोष्टीचा रंग

यानंतर विशिष्ट गोष्टींचे रंग बदला. ‘व्हॅलोरंट’मध्ये General विभागात Enemy Highlight Color ही सेटिंग आहे. शत्रूभोवतीची रेषा मुळात लाल असते. ती जांभळी करता येते किंवा पिवळ्याच्या दोन छटांपैकी एक निवडता येते. प्रत्येक पर्यायासमोर तो कुणासाठी आहे हे लिहिलेलं असतं: जांभळा Tritanopia साठी, पिवळे दोन Deuteranopia आणि Protanopia साठी. पण कंसातल्या नावाला बांधून घेऊ नका. रंगदृष्टी अगदी सामान्य असलेले कितीतरी खेळाडूही पिवळा किंवा जांभळा वापरतात, कारण तो त्यांना पार्श्वभूमीवर चटकन उठून दिसतो.

अशा सेटिंगचा मोठा फायदा म्हणजे बाकीचं जग जसंच्या तसं राहतं. गवत हिरवंच, आग आगीसारखीच. ‘ओव्हरवॉच’सारख्या गेममध्ये मित्र आणि शत्रूंचे रंग वेगवेगळे निवडता येतात. तिथे दोन रंग निवडताना नुसता रंग वेगळा असून भागत नाही, उजळपणाही वेगळा हवा. फिक्का पिवळा आणि गडद निळा ही जोडी जवळजवळ सगळ्यांना चालते, कारण रंग पूर्ण काढून टाकला तरी एक फिकट आणि एक गडद उरतो.

हे तपासायची सोपी युक्ती आहे. विंडोजमध्ये Settings > Accessibility > Color filters मध्ये Grayscale निवडा आणि तिथेच कीबोर्ड शॉर्टकट चालू करा. मग `Windows + Ctrl + C` दाबलं की पडदा कृष्णधवल होतो आणि पुन्हा दाबलं की पूर्ववत. कृष्णधवल पडद्यावरही मित्र आणि शत्रू वेगळे दिसत असतील तर निवड भक्कम आहे. दोन्ही एकाच राखाडीचे झाले तर रंग बदला, मग आत्ता ते कितीही वेगळे वाटत असोत.

तिसरी पायरी: पूर्ण पडद्याचा फिल्टर

यादीत अजून जोड्या उरल्या असतील तर फिल्टरकडे या. फिल्टर चित्रातले सगळे रंग एका गणितातून काढतो. तुम्हाला न दिसणारा लाल-हिरव्याचा फरक तो तुम्हाला दिसणाऱ्या निळ्या-पिवळ्याच्या किंवा उजळपणाच्या फरकात ढकलतो. इथेच त्याची मर्यादा आहे. तीन पेशींनी टिपायचे फरक दोन पेशींत बसवायचे तर काही रंग एकमेकांवर येणारच. जुनी एक जोडी सुटते आणि नवीन एक तयार होते. लाल-हिरव्यासाठी फिल्टर लावला आणि आता वीज आणि बर्फ यांचे प्रभाव सारखे दिसायला लागले, हे अगदी अपेक्षित आहे.

म्हणून फिल्टरची तीव्रता कमीजास्त करायची पट्टी असेल तर ती शून्यापासून हळूहळू वाढवत न्या. यादीतली जोडी जिथे सुटली तिथे थांबा. शंभरापर्यंत जायची गरज क्वचितच पडते. ‘कॉल ऑफ ड्यूटी’च्या अलीकडच्या भागांत फिल्टर फक्त इंटरफेसला, फक्त जगाला की दोन्हींना लावायचा हे निवडता येतं आणि दोन्हींची तीव्रता वेगळी ठेवता येते. तुमची अडचण फक्त छोट्या नकाशावर असेल तर फिल्टर इंटरफेसपुरताच ठेवा.

फिल्टर तपासताना तिन्ही प्रकार लावून बघा, तुमच्या प्रकाराचं नाव ठाऊक असलं तरी. यादीतल्या सगळ्यात अवघड प्रसंगात उभे राहा: संध्याकाळ, धूर, लाल दिवा. तिथे एकेक फिल्टर बदला. आणि त्याआधी विंडोजचा Night light किंवा फोनचा रात्रीचा पिवळसर मोड बंद करा. तो पडद्यावरचा निळा कमी करतो आणि फिल्टरने फरक ढकललेला असतो तो नेमका निळ्यातच. दोन्ही एकत्र चालू असताना ‘फिल्टरचा उपयोग होत नाही’ असं वाटलं तर नवल नाही.

एक चूक गेम बनवणाऱ्यांकडूनही होते आणि ती ओळखता आली पाहिजे. रंगांधत्व असलेल्याला जग कसं दिसतं हे इतरांना दाखवणारा फिल्टर वेगळा आणि त्याला मदत करणारा फिल्टर वेगळा. काही गेममध्ये दुसऱ्याच्या जागी पहिलाच दिलेला सापडतो. ओळखायचं कसं? तुमच्या प्रकाराचा फिल्टर पूर्ण तीव्रतेने लावूनही तुम्हाला चित्रात जवळजवळ काहीच बदललेलं दिसत नसेल आणि शेजारी बसलेला सामान्य दृष्टीचा माणूस मात्र ‘सगळं मळकट पिवळं-निळं झालं’ म्हणत असेल, तर तो मदतीचा फिल्टर नाही. तो तुम्हाला आधीपासून जे दिसतं तेच इतरांना दाखवतोय. अशा वेळी तो बंद करून पुढच्या पायरीवर जा.

शेवटची पायरी: यंत्राचा स्वतःचा फिल्टर

वर सांगितलेल्या विंडोजच्या विभागातच लाल-हिरव्याचे दोन आणि निळ्या-पिवळ्याचा एक असे फिल्टर आहेत. अँड्रॉइडवर Color correction नावाने आणि आयफोनवर Display & Text Size मध्ये Color Filters नावाने तीच सोय मिळते. एक्सबॉक्सच्या ॲक्सेसिबिलिटी विभागातही ती आहे. गेममध्ये काहीच नसेल तेव्हा हे उपयोगी पडतं, पण ते गेम, मेनू, चॅट, व्हिडिओ असं सगळंच रंगवतं. म्हणून विंडोजवर शॉर्टकट चालू ठेवा आणि गरजेपुरताच फिल्टर लावा. गेमचा फिल्टर आणि यंत्राचा फिल्टर एकाच वेळी कधीही ठेवू नका. दोन्ही एकच दुरुस्ती दोनदा करतात आणि रंग पार हाताबाहेर जातात.

नियंत्रणं: बटण बदलण्याआधी ‘धरणं’ काढा

आता बटणांकडे. इथे बहुतेक जण थेट की बदलायला घेतात. मी म्हणेन, त्याआधी दोन सेटिंग्ज शोधा.

पहिली Hold आणि Toggle यांची. बटण दाबून धरलं तोवरच पळणं, वाकणं किंवा नेम धरणं, याला Hold म्हणतात. Toggle मध्ये एकदा दाबलं की सुरू आणि पुन्हा दाबलं की बंद. हाताला त्रास होतो तो अनेकदा बटणाच्या जागेमुळे नाही, मिनिटामिनिटाला ते धरून ठेवावं लागतं म्हणून. चांगल्या गेममध्ये पळणं, वाकणं आणि नेम यांसाठी ही निवड वेगवेगळी असते. तिन्ही एकदम टॉगल करू नका. नेम टॉगलवर असेल तर घाईत तो काढायचं राहून जातं आणि खेळाडू नेम धरूनच रांगत राहतो. पळणं मात्र सहसा बिनधास्त टॉगल करता येतं, कारण तुम्ही थांबलात की बहुतेक गेम ते आपणहून बंद करतात.

दुसरी सेटिंग भराभर दाबण्याची. दार उघडायला किंवा पकडीतून सुटायला एकच बटण पटापट दाबायला लावणारे प्रसंग असतात. त्याऐवजी नुसतं धरून ठेवा किंवा तो प्रसंग आपोआप पार होऊ द्या, असा पर्याय अनेक गेममध्ये मिळतो. ही अडचण दुसऱ्या बटणावर नेऊन सुटत नाही, म्हणून हा पर्याय आधी शोधायचा.

मग बटणांचा नकाशा

एक कागद घ्या आणि दोन रकाने करा. एकीकडे हात सहज पोहोचतो त्या की आणि बटणं, दुसरीकडे त्रास होणारी. मग गेमच्या यादीतून त्रासाच्या रकान्यात पडणारी कामंच तेवढी उचला. बाकीच्यांना हात लावू नका. जेवढं कमी बदलाल तेवढं कमी नव्याने शिकावं लागेल.

एक उदाहरण पूर्ण करून बघू. समजा खेळाडूच्या डाव्या हाताची करंगळी चालत नाही. खेळ कीबोर्ड आणि माउसवरचा, चालणं नेहमीप्रमाणे W, A, S, D वर. माउसला अंगठ्याजवळ दोन बाजूची बटणं आहेत, त्यांना बरेच गेम Mouse 4 आणि Mouse 5 म्हणतात. अनामिका A वर, मधलं बोट W आणि S वर, तर्जनी D वर. करंगळीकडे नेहमी तीन की येतात: Shift म्हणजे पळणं, Ctrl म्हणजे वाकणं आणि Tab म्हणजे सामानाची पेटी.

आधी टॉगल. पळणं आणि वाकणं दोन्ही टॉगल केलं, नेम तसाच ठेवला, कारण तो उजव्या हाताच्या माउस बटणावर आहे आणि तिथे त्रास नाही. आता पळणं Mouse 4 वर हलवलं. वाकणं C वर आणलं. C वर तर्जनी खाली येऊन पोहोचते आणि टॉगल असल्यामुळे ती लगेच D वर परतते. Hold असतं तर वाकून उजवीकडे चालताच आलं नसतं, कारण दोन्ही की एकाच बोटाला हव्या होत्या. ही गोष्ट कागदावर सुटून जाते, हात कीबोर्डवर ठेवला की लगेच कळते.

सामानाची पेटी F वर न्यायची ठरली, पण F वर विजेरी आहे. इथे गेम तीनपैकी काहीतरी करतो. तो तुम्हाला अडवतो, किंवा दोन्ही कामांची अदलाबदल करतो, किंवा गुपचूप जुनं काम त्या की वरून काढून टाकतो आणि विजेरी रिकामी राहते. तिसरा प्रकार सगळ्यात त्रासदायक, कारण तो अंधारात गेल्यावरच लक्षात येतो. म्हणून क्रम उलटा ठेवला: आधी विजेरी T वर हलवली, मग रिकाम्या झालेल्या F वर पेटी आणली. कुठलीही साखळी अशी शेवटच्या टोकाकडून हलवली की घोटाळा होत नाही. शेवटी Mouse 5 उरलं. तिथे दुसरी नेमणूक म्हणून उडी ठेवली आणि Space वरची उडी तशीच राहू दिली. बरेच गेम एका कामाला दोन की देऊ देतात. दुसरा रकाना रिकामा दिसला की त्याचा असा उपयोग करा.

शेवटची यादी अशी झाली:

- पळणं: Mouse 4, टॉगल
- वाकणं: C, टॉगल
- विजेरी: T
- सामानाची पेटी: F
- उडी: Space आणि Mouse 5

आता चाचणी. चालत असतानाचं सगळं जमलं, पण खेळाडू गाडीत बसला आणि कळलं की गाडीतला वेग अजूनही Shift वरच आहे. चालणं, गाडी, पोहणं आणि मेनू यांच्या नेमणुका अनेक गेममध्ये वेगळ्या असतात. यादी खालपर्यंत सरकवून प्रत्येक गटात करंगळीच्या तीन की शोधाव्या लागतात. पेटी उघडल्यावर ती बंद कशाने होते हेही बघा. कधी उघडते F ने आणि बंद होते जुन्याच Tab ने, कारण मेनूच्या की बदलू देत नाहीत. सुदैवाने Esc बहुतेक ठिकाणी चालतं.

पडद्यावरच्या सूचनांवरही लक्ष ठेवा. ‘वाकण्यासाठी C दाबा’ असं आलं तर गेमने बदल नीट वापरला. अजूनही ‘Ctrl दाबा’ येत असेल तर सूचना कायमच्या लिहून ठेवलेल्या आहेत. नियंत्रण चालेल, पण शिकवणीच्या टप्प्यात गोंधळ होईल. कागदावरची यादी पडद्याशेजारी ठेवा.

विंडोजवर आणखी एक बारीक गोष्ट. Shift लागोपाठ पाच वेळा दाबलं की Sticky Keys ची चौकट उघडते आणि गेम मागे जातो. ती सोय ज्यांना हवी त्यांना ती फार मोलाची आहे, पण तुम्ही वापरत नसाल तर Settings > Accessibility > Keyboard मध्ये जाऊन तिचा शॉर्टकट तेवढा बंद करा.

गेम बदलूच देत नसेल तर

कंट्रोलरवर खेळत असाल आणि गेम स्टीमवर असेल तर गेमच्या पानावरच्या कंट्रोलरच्या चिन्हावर जा. तिथे कुठलंही बटण कुठल्याही कामाला लावता येतं. खरी गंमत प्रत्येक नेमणुकीच्या आतल्या सेटिंगमध्ये आहे. तिथे Toggle चालू करता येतं, म्हणजे गेममध्ये टॉगल नसलं तरी स्टीम बटण ‘दाबलेलं’ धरून ठेवतो. तिथलाच Turbo पर्याय उलटं काम करतो: तुम्ही बटण नुसतं धरा, गेमला ते पुन्हा पुन्हा दाबल्यासारखं वाटतं. भराभर दाबायचे प्रसंग त्याने सुटतात.

कन्सोलवर ही सोय यंत्रातच आहे. प्लेस्टेशन ५ वर ती Accessibility मधल्या कंट्रोलरच्या भागात मिळते, एक्सबॉक्सवर Xbox Accessories ॲपमध्ये आणि निन्टेन्डो स्विचवर Controllers and Sensors मध्ये Change Button Mapping या नावाने. स्विचवर ती एप्रिल २०२० च्या १०.०.० आवृत्तीपासून आली. या सगळ्यांची मर्यादा एकच: गेमला बदल झालेला कळतच नाही. पडद्यावर जुनंच बटण दिसत राहतं आणि अदलाबदल प्रत्येक गेमला लागू होते. दुसरा गेम लावताना ती काढायची आठवण ठेवावी लागते. एक्सबॉक्सवर दोन कंट्रोलर मिळून एकच खेळाडू चालवण्याचीही सोय २०१७ पासून आहे. अवघड दोन-तीन बटणं शेजारच्या माणसाने सांभाळायची, बाकी खेळ तुमचा.

कीबोर्डसाठी विंडोजवर मायक्रोसॉफ्टच्या PowerToys मधलं Keyboard Manager वापरता येतं. एका की ला दुसरी की, एवढंच काम असेल तर ते पुरतं. मॅक्रो लिहिणारी साधनं मात्र ऑनलाइन स्पर्धेच्या गेममध्ये जपून वापरा. फसवणूक पकडणारी प्रणाली तुमचा हेतू बघत नाही आणि खातं बंद होऊ शकतं. वापरण्याआधी त्या गेमचे नियम वाचा.

लावलेलं टिकवायचं

गेमची मोठी नवी आवृत्ती आली की नेमणुका कधीकधी मूळपदावर जातात किंवा एखादं नवीन काम तुमच्या वापरातल्या की वर येऊन बसतं. रंग आणि नियंत्रणं या दोन्ही पानांचे स्क्रीनशॉट काढून ठेवा, फाइल शोधत बसण्यापेक्षा ते जलद पडतं. नवीन आवृत्तीनंतर पहिल्या खेळाआधी सराव मैदानात एक फेरी मारा: पळा, वाका, पेटी उघडा, विजेरी लावा, गाडीत बसा, मित्र आणि शत्रू दोघांकडे बघा.

हे सगळं करूनही एखादी जोडी किंवा एखादं बटण अडत असेल तर गेम बनवणाऱ्यांना कळवा, पण ‘कलरब्लाइंड मोड चालत नाही’ एवढंच लिहू नका. कुठला टप्पा, कुठल्या दोन गोष्टी, कुठला फिल्टर किती तीव्रतेवर होता आणि कृष्णधवल करून बघितल्यावर काय झालं ते लिहा, सोबत स्क्रीनशॉट जोडा. बटणाबद्दल असेल तर काम, मूळ की, तुम्ही लावलेली की आणि ती कुठल्या गटात चालत नाही ते लिहा. एवढं हातात आलं की त्यांना तुमची अडचण स्वतःच्या पडद्यावर उभी करून बघता येते.